पुरीचं कार्ड: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

भाचीचा सकाळी फोन. २ फेब्रुवारीला सासरची सहा माणसं जेवायला येणार, तिच्या हातचं पहिल्यांदाच. बेत बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, श्रीखंड आणि पुऱ्या. बाकीचं जमतं म्हणाली. पुऱ्यांची मात्र धास्ती आहे, कारण मागच्या महिन्यात दोघांपुरत्या केल्या तेव्हा पहिल्या चार टम्म फुगल्या आणि त्यानंतरच्या सगळ्या चपट्या, तेलकट. "मावशी, मला एका कार्डावर लिहून दे. ओट्यावर भिंतीला चिकटवते. पुस्तकं उघडायला हात रिकामे नसतात गं."

दुपारीच बसून लिहिलं. घट्ट कणीक, थोडा रवा, तेल कडकडीत तापवा, मध्यम आचेवर तळा. पाच ओळीत काम संपलं. फोटो पाठवला तर उलट टपाली तीन प्रश्न: घट्ट म्हणजे किती? कडकडीत म्हणजे किती? आणि मध्यम म्हणजे गॅसचं बटण नेमकं कुठे?

मला एकाचंही सरळ उत्तर देता आलं नाही. तीस वर्षं पुऱ्या तळतेय, पण हात काय करतो ते डोक्याला ठाऊक नाही. म्हणून ही वही. पाकासाठी आणलेला, कढईच्या काठाला अडकवायचा थर्मामीटर आहे, वजनकाटा आहे, फोनवर स्टॉपवॉच आहे. तीन आठवड्यांत हाताचं डोक्यात आणि डोक्यातलं कार्डावर आणायचं.

तिने सांगितलेलं एक वाक्य मात्र अधोरेखित करून ठेवते. पहिल्या चार फुगल्या. म्हणजे कणीक आणि लाटणं तितकंसं चुकलेलं नव्हतं. चार पुऱ्यांनंतर काहीतरी बदललं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गुळपोळ्या. आज पुरीला सुट्टी.

१५ जानेवारी, बुधवार

कणीक. तीन वेळा भिजवली, दर वेळी २५० ग्रॅम गव्हाचं पीठ, दोन मोठे चमचे बारीक रवा, अर्धा चहाचा चमचा मीठ, एक चहाचा चमचा तेल. फरक फक्त पाण्याचा.

११० मिलीला गोळा झाला खरा, पण लाटताना कडा फाटत होत्या. फाटलेली कड पुरी फुगू देत नाही, तिथून वाफ निसटते. १५० मिलीला पोळीसारखी मऊ कणीक झाली. लाटायला गोड, पण पोळपाटाला चिकटायला लागली आणि पीठ लावावं लागलं. ते पीठ तेलात सुटतं, तळाशी जाऊन जळतं आणि विसाव्या पुरीपर्यंत काळे कण पुरीवर बसायला लागतात. शिवाय मऊ कणकेच्या पुऱ्या फुगल्या तरी बाहेर काढताच बसल्या आणि टिश्यूवर मोठा तेलाचा डाग पडला. १२० मिली बरोबर बसलं. अंगठ्याने दाबलं की खूण राहते, बोटाला काही लागत नाही, आणि लाटताना पीठ लागत नाही, लाटीला तेलाचं बोट पुरतं.

पीठ बदललं की पाणी दहा-पंधरा मिली इकडेतिकडे होणारच. म्हणून कार्डावर १२० लिहून पुढे अंगठ्याची खूण लिहायची. आकडा सुरुवात करून देतो, थांबायचं कुठे ते अंगठा सांगतो. पाणी शंभरपर्यंत एकदम घालायचं, पुढचं चमच्या-चमच्याने.

मुरवणं: वीस मिनिटं झाकून ठेवली तर लाटी आखडत नाही. एक गोळा मुद्दाम दोन तास ठेवला. तो सैलावला, लाटल्यावर पसरट होऊन पोळपाटाला धरू लागला. तळल्यावर तेलही जास्त प्यायला. तासाभराच्या आत संपवायची.

एवढ्या पिठाची कणीक भरली साधारण ३९० ग्रॅम. एक लाटी वीस ग्रॅमची केली तर एकोणीस पुऱ्या, प्रत्येक साधारण दहा सेंटीमीटरची. लाटी केवढी? छोट्या लिंबाएवढी.

१८ जानेवारी, शनिवार

आज फक्त तेल. नेहमीची गोल बुडाची कढई, ७०० मिली शेंगदाण्याचं रिफाइंड तेल, मध्यभागी खोली चार सेंटीमीटरच्या आसपास. एकाच कणकेच्या, एकाच जाडीच्या पुऱ्या चार वेगवेगळ्या तापमानांना सोडल्या. प्रत्येक तापमानाला दोन, म्हणजे एखादी लाटण्यात बिघडली असेल तर कळेल.

१५० अंशांवर पुरी तळाशी जाऊन बसली. वर यायला जवळपास दहा सेकंद घेतले, एका बाजूला पोट आलं आणि तिथेच थांबलं. रंग येईपर्यंत दीड मिनिट गेलं. टिश्यूवर सबंध पुरीचा ठसा उमटला. १७० ला चार-पाच सेकंदांत वर आली, हळूहळू फुगली, फिकी राहिली, खायला चिवट. १८५ ला दोनच सेकंदांत वर, पाचव्या सेकंदाला फुगायला सुरुवात, पंचविसाव्या सेकंदाला सोनेरी आणि बाहेर. २०५ ला पडल्या पडल्या फोड आले, पुरी क्षणात फुगली आणि तितक्याच झटक्यात तपकिरी झाली. वरून छान दिसत होती. उघडून पाहिली तर आतला पदर ओलसर आणि कच्चा, दोन मिनिटांत सुरकुतून गेली.

असं का होतं ते भाचीला तोंडी सांगेन, कार्डावर जागा नाही. पुरी फुगते ती तिच्या आतल्या पाण्याच्या वाफेने. तेल पुरेसं तापलेलं असलं की वरची आणि खालची कातडी चटकन धरते, मधल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि बाहेर जायला वाट नसल्याने ती दोन पदर वेगळे करते. तेल थंड असेल तर कातडी धरायच्या आधीच वाफ थोडी थोडी निसटत राहते, जोर कधी साठतच नाही. आणि अशी पुरी तेलात रेंगाळते, वाळत जाते आणि वाळलेल्या जागी तेल शिरतं. लोक म्हणतात तेल फार तापलं की पुरी तेलकट होते. माझ्या टिश्यूंवर उलटं दिसतंय.

थर्मामीटर भाचीकडे नाही आणि फक्त यासाठी तिने आणावा असंही मला वाटत नाही. म्हणून प्रत्येक तापमानाला हरभऱ्याएवढी कणकेची गोळी टाकून मोजलं. १५० ला गोळी तळाशी बसली, पाच मोजेपर्यंत हलली नाही. १८५ ला "एक, दोन" म्हणेपर्यंत वर आली, भोवती बारीक बुडबुडे, आणि दहा मोजेपर्यंत रंग बदलला नाही. २०५ ला लगेच वर आली आणि पाच मोजायच्या आत तपकिरी. ही परीक्षा कार्डावर जाणार. महत्त्वाचा भाग तिचा दुसरा अर्धा आहे. गोळी वर येते एवढंच बहुतेक जण बघतात आणि पुरी सोडतात. जास्त तापलेल्या तेलातही ती वर येतेच, म्हणून दहापर्यंत मोजायचं.

धुराची खूण मात्र लिहायची नाही. रिफाइंड तेलातून धूर निघतो तोवर ते फार पुढे गेलेलं असतं, आणि घाण्याचं तेल त्याच्या बरंच आधी धुरकटतं. एका खुणेचे दोन अर्थ कार्डावर नकोत.

१९ जानेवारी, रविवार

सापडलं. तिच्या पहिल्या चार पुऱ्यांचं कोडं.

आज थर्मामीटर अडकवूनच ओळीने तळल्या. तेल १८८ वर, आच मध्यम, म्हणजे ज्योत कढईच्या बुडाखालीच राहील, बाजूने वर येणार नाही इतकी. एक काढली की लगेच दुसरी सोडायची, घाईत आपण करतो तशी. पहिली काढली तेव्हा १८२. दुसरीनंतर १७७, तिसरीनंतर १७३, चौथीनंतर १६८. पाचवी अर्धवट फुगली. सहावी चपटी. मग कितीही झारा फिरवा, काही उपयोग नाही.

प्रत्येक पुरी तेलातली उष्णता घेऊन जाते, वीस ग्रॅम गार कणीक तापवायला आणि तिच्यातल्या पाण्याची वाफ करायला. बर्नर ती भरून काढतो, पण मध्यम आचेला पुरी तळून होण्याइतक्या वेळात पूर्ण भरत नाही. मग पुरी काढल्यावर मनात पंधरा मोजून पुढची सोडली. दहा पुऱ्या ओळीने, तेल १८० आणि १८८ च्या मध्ये. सगळ्या फुगल्या.

मग म्हटलं, आच मोठी ठेवून बघू, म्हणजे थांबायला नको. चाललं, चांगलं चाललं. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. दूधवाल्याला सुटे पैसे देऊन परत आले तर मिनिटभरात तेल २१० वर गेलेलं. पुढची पुरी तपकिरी, फोडांची.

तर गोष्ट अशी आहे की कढईत पुरी असताना तेल उतरत असतं आणि पुरी नसताना चढत असतं. तळणाऱ्याचं काम हे चढउतार बटणावर सांभाळायचं. सगळ्या पाककृती पहिल्या पुरीच्या तेलाबद्दल बोलतात. पाहुण्यांसाठी तीस तळायच्या असतील तर पहिली सोडून उरलेल्या एकोणतीस पुऱ्यांचं काय, ते लिहायला हवं. कार्डाचा मोठा भाग आता यालाच.

संध्याकाळी तेल अर्धं करून पाहिलं, ३५० मिली. एका पुरीला तेल जवळजवळ दुपटीने उतरतं, आणि मोकळं सोडलं की चढतंही तितक्याच वेगाने. तेल वाचवायला कमी घेतलं तर सांभाळणं अवघड होतं. शिवाय कढईच्या बुडाला पुरी टेकते आणि मधोमध गोल डाग पडतो. नवशिक्या हाताला ५०० मिलीच्या खाली नको.

२२ जानेवारी, बुधवार

भाचीने व्हिडिओ पाठवला, चार पुऱ्या तळतानाचा. दोन गोष्टी दिसल्या.

एक, पुरी वर आली रे आली की ती उलटते. फुगायला सुरुवात व्हायच्या आतच. पुरी वर आल्यावर झाऱ्याच्या पाठीने हलकं दाबून ती तेलाखाली धरायची, दोन-तीन सेकंद, कुशीत घेतल्यासारखी. वरच्या बाजूवरही गरम तेल गेलं की दोन्ही कातड्या धरतात. जोर दिला तर पदर चिकटतो किंवा फुटतो, आणि फुटलेल्या पुरीत तेल भरतं. ते पुढे कुणाच्या तरी ताटात सांडतं. पूर्ण फुगल्यावरच उलटायची आणि दुसरी बाजू थोडी जास्त वेळ. माझं गणित असं आलं: सोडल्यापासून आठ-दहा सेकंदांत फुगून उलटी, मग पंधरा सेकंद, की बाहेर. काढताना झाऱ्यावर कढईच्या काठाशी तिरपी धरून तीन मोजायचे. तेल निथळायचं ते तिथेच, कारण पुरी गार होऊ लागली की बाहेर लागलेलं तेल आत ओढलं जातं.

दोन, ओट्यावर पंखा फिरतोय आणि लाटलेल्या आठ पुऱ्या उघड्या ताटात. चौथीपर्यंत वरची बाजू सुकून टरफलासारखी झालेली दिसत होती. अशी पुरी फुगली तर एका बाजूला, नाहीतर तडकते. लाटलेल्या पुऱ्या ओलं करून घट्ट पिळलेल्या फडक्याखाली ठेवायच्या, एकमेकींवर रचायच्या नाहीत.

लाटण्याबद्दल एवढंच: मधे पातळ आणि कडेला जाड हा नवशिक्यांचा नेहमीचा दोष. लाटणं कडेपर्यंत न्यायचं, कडेवरून खाली घसरवायचं नाही. जाडी दोन मिलिमीटर, म्हणजे पोळीहून जाड आणि थालीपिठाहून बरीच पातळ. फार पातळ पुरी पापडासारखी कडक होते. तिच्याबद्दल मोठ्यांची तक्रार असते, मुलांची नसते.

२५ जानेवारी, शनिवार

कार्डाचा दुसरा खर्डा. अंश काढून टाकले. त्याऐवजी सगळं मोजून: गोळीला दहा, दोन पुऱ्यांच्या मधे पंधरा, निथळायला तीन.

फोनवर वाचून दाखवला तर तिची कढई वेगळी निघाली, सपाट बुडाची आणि जाड. जाड बुडाची कढई सावकाश तापते, पण गॅस कमी केल्यावरही बुडात साठलेली उष्णता तेल चढवत राहते. म्हणून तिला सांगितलं की गोळीच्या परीक्षेत तेल बरोबर निघालं की आच थोडी उतरवूनच पहिली पुरी सोड.

तिच्या शेगडीचं बटण पूर्ण फिरवलं की ज्योत बारीक होते आणि अर्ध्यावर मोठी. माझ्याकडे मधली खूण वेगळीच आहे. "मध्यम" हा शब्द निरुपयोगी. तिला म्हटलं, खाली वाकून ज्योत बघ. बुडाच्या आत राहिली की ती आपली तळणीची आच. बटणाशेजारी त्या ठिकाणी टिकलीने खूण करून ठेव. तिने खरंच टिकली लावली, लाल, फोटो पाठवला.

सुरक्षेच्या दोन ओळी घातल्याच पाहिजेत. झारा, कढई, हात कोरडे. ओला झारा उकळत्या तेलात गेला की पाण्याची वाफ होऊन तेल उडतं. कढई निम्म्याहून जास्त भरायची नाही. आणि तेलाने पेट घेतलाच तर पाणी नाही, गॅस बंद आणि वर घट्ट झाकण. कढईवर बसणारं झाकण आधीच ओट्यावर काढून ठेवायचं, ऐन वेळी शोधायचं नाही. अजून एक छोटी गोष्ट: पुरी हातातून कढईत टाकायची नाही, काठाशी धरून तेलात सरकवायची.

२८ जानेवारी, मंगळवार

आजचा दिवस वेळेच्या गणितात गेला. कागद-पेन्सिल, तळण नाही.

माणसं आठ, ती दोघं धरून. माणशी चार पुऱ्या, म्हणजे बत्तीस. चुकलेल्यांसाठी चार वर, छत्तीस. एक पुरी तळायला पंचवीस सेकंद आणि मधले पंधरा, म्हणजे दर चाळीस सेकंदांना एक. दोन पुऱ्या एकदम सोडायचा मोह होईल, पण ५०० मिली तेलात दोन सोडल्या की १९ तारखेची गोष्ट दुपटीने घडते.

आता जेवणाऱ्यांची बाजू. आमच्याकडे जेवताना गुपचूप घड्याळ लावून पाहिलं. भाजी आणि श्रीखंडाबरोबर एक पुरी संपायला पावणेतीन मिनिटं लागतात. आठ माणसांना पावणेतीन मिनिटांत आठ पुऱ्या लागतील, आणि तेवढ्या वेळात ती तळणार फक्त चार. सगळे बसल्यावर तळायला घेतलं तर दुसऱ्या पुरीलाच लोक ताटाकडे बघत बसणार. सगळ्या आधी तळून ठेवल्या तर पहिल्या वीस मिनिटं शिळ्या. मधला मार्ग काढायला ओळी मांडल्या.

समजा पानं मांडताना सोळा तयार आहेत. साडेपाच मिनिटांत सगळ्यांच्या दोन-दोन होतील, सोळा संपतील, आणि तोवर नव्या आठ आलेल्या असतील. सव्वाआठ मिनिटांना चोवीस खाल्ल्या, अठ्ठावीस झाल्या. अकराव्या मिनिटाला बत्तीस खाल्ल्या, बत्तीस झाल्या. अगदी काठावर बसतं. कोणी श्रीखंडाशी रेंगाळलं तर उलट ताटलीत शिल्लक पडेल.

सोळा पुऱ्यांना लागतात पावणेअकरा मिनिटं. जेवण एकला, तर पहिली पुरी बारा एकोणपन्नासला तेलात. तेल बारा चाळीसला गॅसवर. कणीक बारा पाचला भिजवायला घ्यायची, सव्वाबाराला झाकायची, बारा पस्तीसला लाट्या आणि लाटणं सुरू. तळायला घेण्याआधी आठ लाटून तयार हव्यात, म्हणजे लाटणारा मागे पडत नाही. आणि हो, लाटणारा वेगळा हवा. एकटीने लाटायचं आणि तळायचं तर मधले पंधरा सेकंद पंचेचाळीस होतात आणि त्यात तेल चढतं. जावयांना हे काम दिलंय. त्यांनी आधी चौकोनी पुऱ्या लाटून पाठवल्या. फुगल्या म्हणे.

छत्तीस पुऱ्यांना पीठ ४५० ग्रॅम, रवा साडेतीन मोठे चमचे, पाणी २१५ मिलीच्या आसपास.

सोळा पुऱ्या दहा मिनिटं ठेवायच्या कशा? डब्यात झाकल्या तर स्वतःच्याच वाफेने ओल्या होतात. एकावर एक रचल्या तर खालच्या चेपतात. चाळणीत कडेवर उभ्या, पुस्तकांसारख्या, वर पातळ सुती फडकं. फुगा उतरतो, तो उतरणारच, पण रव्यामुळे कड लुसलुशीत न होता धरून राहते. वर्तमानपत्रावर ठेवायच्या नाहीत, शाई अन्नाला लागते. पानात वाढताना ताज्या टम्म आजेसासूबाईंना आणि लहानांना, चाळणीतल्या बाकीच्यांना.

१ फेब्रुवारी, शनिवार

अंतिम कार्ड. पोस्टकार्डाएवढं, एका बाजूला, काळ्या शाईत, वर पारदर्शक टेप, म्हणजे तेलकट हाताने पुसता येईल.

> पुऱ्या, आठ माणसांच्या (३६)
>
> पीठ ४५० ग्रॅम, बारीक रवा ३½ मोठे चमचे, मीठ १ चहाचा चमचा, तेल २ चहाचे चमचे. पाणी २१५ मिलीच्या आसपास, शेवटचं चमच्याने. अंगठ्याची खूण राहावी, बोटाला लागू नये. २० मिनिटं झाकून. तासात संपव.
>
> लाटी छोट्या लिंबाएवढी. पीठ नाही, तेलाचं बोट. कडा आणि मध्य सारखे. पिळलेल्या फडक्याखाली, पंखा बंद.
>
> तेल ५०० मिली, कढई निम्म्याच्या आत. गोळी टाक: दोन मोजेपर्यंत वर यावी, दहा मोजेपर्यंत रंग येऊ नये.
>
> पुरी काठावरून सरकव. वर आली की झाऱ्याने हलकं दाब. फुगली की उलट. पंधरा मोज. काठाशी तिरपी धरून तीन मोज. चाळणीत उभी.
>
> पुढची सोडायच्या आधी पंधरा मोज.
>
> कढईपासून दूर जायचं असेल तर आधी आच बारीक. परत आल्यावर पुन्हा गोळी.
>
> वर यायला वेळ लागतोय, चपटी राहतेय: तेल उतरलं, थांब.
> लगेच फोड, तपकिरी: तेल चढलं, आच बारीक, मिनिटभर पुरी नाही.
> एका बाजूला फुगते: लाटणं किंवा सुकलेली पुरी. तेलाला हात लावू नको.
>
> तेल घालायचं तर दोन पुऱ्यांच्या मधे, काठावरून, आणि पुन्हा गोळी.
> सगळं कोरडं. पेट घेतला तर पाणी नाही: गॅस बंद, झाकण.

"तेलाला हात लावू नको" वाचून ती हसली. "मावशी, उकळत्या तेलाला कोण हात लावतंय!" बदलून "आच तशीच ठेव" केलं.

२ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी फोन आला, तासभर बोललो. जे घडलं ते घडल्या क्रमाने.

पाहुणे एकऐवजी एक वीसला आले. तिने मी तोंडी सांगितल्याप्रमाणे बारा चाळीसला तेल ठेवलेलं, बारा एकोणपन्नासला पहिली सोडली. बारा चोपन्नला "रस्त्यात अडकलोय" असा फोन. तोवर सात पुऱ्या झाल्या होत्या. गॅस बंद केला हे शहाणपणाचं. पण कणीक भिजलेलीच होती आणि तिची मुदत तासाची. शेवटच्या दहा-बारा लाट्या सैल झाल्या, पोळपाटाला धरू लागल्या. जावयांनी त्या पुन्हा चमचाभर कोरड्या पिठात मळून पाच मिनिटं ठेवल्या. फुगल्या, पण कडक निघाल्या आणि तेलात काळे कण आले.

मधल्या पुऱ्या छान. सासूबाई मदतीला म्हणून स्वयंपाकघरात आल्या आणि गप्पांत तिचं पंधरा मोजणं दोनदा चुकलं. एकदा कमी, एकदा फारच जास्त, तेव्हाच्या दोन पुऱ्या तपकिरी. तिने मोठ्याने मोजायला सुरुवात केल्यावर सासूबाईंनी विचारलं, काय जप करतेस का?

तेल ५०० पैकी साधारण १०० मिली कमी झालं. छत्तीस पुऱ्यांना हे ठीक आहे. उरलेलं गाळून बाटलीत, भाजीला वापरून लवकर संपवायला सांगितलं.

चूक माझी आहे. वेळा कार्डावर लिहिल्या नव्हत्या तरी मी तिला तोंडी घड्याळच दिलं, आणि पाहुणे घड्याळाने येत नाहीत. कार्डाच्या मागच्या बाजूला आता असं लिहिलंय:

> कणीक: पाहुणे निघाल्याचा फोन आल्यावर.
> लाटणं आणि तेल: चपला दाराशी निघाल्यावर. पाणी, सरबत, गप्पांत वीस मिनिटं जातातच.
> सोळा झाल्या की पानं मांड.
> उशीर कळला तर लाट्या करू नको, कणीक झाकून फ्रिजमध्ये. काढल्यावर दहा मिनिटं बाहेर.

शेवटची ओळ अजून तपासायची आहे. आज रात्री अर्धा गोळा फ्रिजमध्ये ठेवला आहे, उद्या सकाळच्या नाश्त्याला बघते.

३ फेब्रुवारी, सोमवार

रात्रभर म्हणजे दहा तास ठेवलेली कणीक थोडी काळपटली आणि चिकट झाली. पुऱ्या फुगल्या, पण वर बारीक काळे ठिपके. दुपारी नव्या कणकेचा गोळा तासभरच ठेवून पाहिला. तो अगदी ताज्यासारखा वागला, फक्त गार लाटी कडेला फाटू पाहत होती, ती दहा मिनिटांनी सरळ झाली. कार्डावर "फ्रिजमध्ये" च्या पुढे "तासभर, रात्रभर नको" असं बारीक अक्षरात घातलं आणि नवा फोटो तिला पाठवला. टिकली अजून शेगडीवर आहे म्हणाली.